ऑफर लेटर आलं, आता होकाराचा मेल लिहायचाय

६ जुलैला, सोमवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, वेर्ण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं गो! मी आत्ताच मेल टाकते, थँक यू मॅडम, मला मान्य आहे म्हणून." मी म्हटलं, थांब. लेटर मला पाठव आणि रात्री जेवायला ये, दोघी बसून वाचू.

तिची घाई मला कळत होती. कुंडईच्या एका औषध कारखान्यात तीन वर्षं क्यूसी केमिस्ट म्हणून, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायचं काम केल्यावर ही संधी आली होती. मी स्वतः पहिल्या नोकरीच्या वेळी असाच एका ओळीचा होकार पाठवला होता. मुलाखतीत मला सांगितलं होतं की कंपनीची बस फोंड्यावरून जाते. रुजू व्हायच्या दिवशी कळलं की बस फक्त मडगावहून आणि वास्कोहून सुटते. कुणी खोटं बोललं नव्हतं. ज्या साहेबांनी सांगितलं ते तोवर दुसरीकडे गेले होते, आणि कागदावर बसचा उल्लेखच नव्हता. वर्षभर मी दोन बस बदलून कामाला गेले. पुढे १९ वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्येच काढली. होकाराचे शेकडो मेल वाचले, आणि त्यात काय राहून जातं ते पाहिलं. भाचीबरोबर त्या आठवड्यात जे केलं ते इथे क्रमाने सांगते.

होकार देण्याआधी प्रश्नांचा मेल

बहुतेक मुलं होकार आणि शंका एकाच मेलमध्ये लिहितात. "मला ऑफर मान्य आहे, पण रुजू व्हायची तारीख पुढे ढकलावी." वाचायला हे साधं वाटतं, पण त्यातला "पण" महागात पडू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७ प्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. तुम्ही अट घातलीत तर तो स्वीकार राहत नाही. ती तुमच्याकडून गेलेली नवी मागणी होते, आणि ती मानायची की नाही हे कंपनीच्या हातात जातं. कंपनीने त्यावर काहीच उत्तर दिलं नाही तर तुम्ही ऑफर स्वीकारली आहे की नाही हेच अधांतरी राहतं. नेमकं त्याच काळात तुम्ही जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन बसलेले असता.

म्हणून दोन मेल वेगळे ठेवा. पहिल्यात फक्त शंका विचारायच्या, त्यात होकारही नाही आणि नकारही नाही. त्यांची उत्तरं लेखी आली की दुसऱ्यात स्वच्छ होकार द्यायचा आणि ठरलेल्या गोष्टी पुन्हा लिहायच्या. दुसऱ्या मेलमध्ये नवं काहीही मागायचं नाही.

याच कायद्याने आणखी दोन गोष्टी लेटरमध्ये बघायला लागतात. एक म्हणजे मुदत. "१० जुलैपर्यंत कळवावे" असं लिहिलं असेल आणि तुम्ही ११ तारखेला होकार दिलात, तर प्रस्ताव तोवर संपलेला असतो. शंका विचारल्याने मुदत आपोआप वाढत नाही. उत्तराला वेळ लागेल असं वाटलं तर मुदत वाढवून मागायची आणि ती वाढवल्याचंही लेखी घ्यायचं. दुसरी गोष्ट म्हणजे होकार कसा द्यायचा. "प्रत्येक पानावर सही करून प्रत परत पाठवावी" असं लिहिलं असेल तर नुसता मेल पुरत नाही, सही केलेली प्रत सोबत जायला हवी.

लेटर वाचताना पगार उलगडून बघा

भाचीच्या लेटरच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ६,००,००० रुपये होती. तिने बाराने भागून महिन्याला ५०,००० असा हिशोब मनात धरला होता आणि घरी सांगूनही टाकला होता. मी शेवटच्या पानावरचा तक्ता उघडला आणि आम्ही एकेक ओळ वहीत उतरवली.

मूळ पगार महिन्याला २५,०००, घरभाडं भत्ता १०,००० आणि विशेष भत्ता ६,५००. हे तीन मिळून महिन्याचे ४१,५०० होतात, म्हणजे वर्षाचे ४,९८,०००. सीटीसीतले उरलेले १,०२,००० दरमहा हातात येतच नाहीत. त्यातले २१,६०० कंपनीच्या वाट्याचा पीएफ आहे, कारण ही कंपनी १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के भरते, महिन्याला १,८००. मूळ पगाराच्या ४.८१ टक्के म्हणजे १४,४३० ग्रॅच्युइटीपोटी धरले होते. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्याशिवाय ते मिळत नाहीत. मेडिकल विम्याचा हप्ता ५,९७०. आणि ६०,००० व्हेरिएबल, म्हणजे कामाच्या मूल्यमापनावर अवलंबून असलेला भाग.

४१,५०० मधून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० गेला की राहतात ३९,७००. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर बसत नाही, म्हणून तो धरला नाही. पन्नास हजारांऐवजी चाळीस हजारांच्या आत. भाची थोडा वेळ गप्प बसली. कुंडईत तिला हातात ३१,००० मिळत होते, म्हणजे वाढ चांगलीच होती. फक्त ती तिने समजली होती तेवढी नव्हती. हे होकाराच्या आधी कळलं याचं मला बरं वाटलं. पहिल्या पगाराच्या दिवशी कळलं असतं तर तिला फसवल्यासारखं वाटलं असतं, आणि तसं तर काही झालेलं नव्हतं.

यातला जपून बघायचा भाग व्हेरिएबल. तो कधी देतात, पहिल्या अर्धवट वर्षाचा देतात का, आणि देण्याच्या तारखेला माणूस नोकरीत नसेल तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं लेटरमध्ये क्वचितच सापडतात. ६०,००० हा सीटीसीचा दहावा हिस्सा आहे, तो धूसर सोडू नये.

मग मी तिला विचारलं, "मुलाखतीत आणि फोनवर तोंडी काय काय सांगितलं?" तिने आठवून सांगितलं: फोंड्याहून बस आहे, आणि पहिले तीन महिने जनरल शिफ्ट, नंतर फिरत्या पाळ्या. दोन्ही गोष्टी लेटरमध्ये नव्हत्या. लेटरमधल्या दोन गोष्टी मात्र अडचणीच्या होत्या. रुजू व्हायची तारीख १ सप्टेंबर होती, आणि नोटिस "६० दिवस" एवढंच लिहिलं होतं, प्रोबेशनमध्येही तेवढंच का याचा खुलासा नव्हता.

तारखेचं गणित

तारीख मागताना अंदाजाने मागू नका, कागदावर मोजा. भाचीच्या कुंडईच्या नियुक्तिपत्रात ६० दिवसांची नोटिस होती, आणि ती राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात असं तिथल्या ऑफिसातून आम्ही आडवळणाने काढून घेतलं. ९ जुलैला राजीनामा दिला तर जुलैचे २२ दिवस, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ७, असे ६० भरतात. शेवटचा दिवस ७ सप्टेंबर, सोमवार. म्हणजे १ सप्टेंबर शक्यच नव्हती. नोटिसचे पैसे भरून लवकर सुटता येतं, पण सात दिवसांसाठी ते पैसे कोण भरणार हा वेगळाच वाद झाला असता.

वर यंदा चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी. तिच्या घरी दीड दिवसाचा गणपती, घरात माणसं थोडी, आणि गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून सगळं तिच्यावर. तिला १७ तारीख मागायची होती. माझं मत वेगळं होतं. कंपनीने १ तारीख दिली असताना सतरा मागितली तर जागा रिकामी राहण्याची काळजी त्यांना पडणार. मी सुचवलं की १० सप्टेंबर, गुरुवार माग. जुन्या नोकरीतून सुटल्यावर दोन दिवस मोकळे मिळतात, त्यात रिलीव्हिंग लेटर हातात घेता येतं. आणि १४, १५ ला कारखान्याला सुट्टी असते का तेवढं विचार. एक तारीख, तिचं एक कारण, बस.

त्या रात्री गेलेला मेल असा होता. भाचीने तो इंग्रजीत पाठवला, कारण गोव्यातल्या कारखान्यांचा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीतच चालतो. इथे मराठीत देते आहे. क्रम आणि आशय तोच ठेवा.

> नमस्कार मॅडम,
>
> ऑफर लेटर मिळालं, मनापासून आभार. आपल्या क्यूसी टीममध्ये काम करायला मी उत्सुक आहे. १० जुलैच्या मुदतीत उत्तर देता यावं म्हणून पुढील गोष्टींचा खुलासा हवा होता.
>
> १. सध्याच्या नोकरीत ६० दिवसांची नोटिस आहे. ९ जुलैला राजीनामा दिल्यास ती ७ सप्टेंबरला संपते. रुजू तारीख १० सप्टेंबर ठेवता येईल का? १४ व १५ सप्टेंबरला चवथीची सुट्टी असते का?
> २. वार्षिक ६०,००० व्हेरिएबल कधी दिला जातो, आणि पहिल्या वर्षी तो कसा मोजतात?
> ३. प्रोबेशनच्या काळात नोटिस किती दिवसांची?
> ४. मुलाखतीत फोंड्याहून कंपनीची बस आणि पहिले तीन महिने जनरल शिफ्ट असं सांगितलं होतं. बस कुठून सुटते व कपात किती?
> ५. सध्याच्या कंपनीकडे माझी चौकशी राजीनाम्यानंतरच होईल ना?
>
> शक्य असल्यास सुधारित लेटरमध्ये हे मुद्दे घ्यावेत ही विनंती.

पाचवा प्रश्न लहान दिसतो, पण तो विसरू नका. लेटरमध्ये "पूर्वीच्या नोकरीची पडताळणी समाधानकारक झाल्यास" अशी ओळ असते. ती पडताळणी करणाऱ्याने तुमच्या आत्ताच्या ऑफिसात फोन केला तर तुम्ही राजीनामा देण्याआधीच साहेबांना बातमी कळते. असा प्रकार मी दोनदा पाहिला आहे.

आणि शेवटची विनंती, सुधारित लेटरची. ती का, ते पुढे सांगते.

मंगळवारी दुपारी एचआरच्या मॅडमचं उत्तर आलं. १० सप्टेंबर मान्य, चवथीचे दोन्ही दिवस सुट्टी. व्हेरिएबल एप्रिलमध्ये, पहिल्या वर्षी रुजू तारखेपासूनच्या प्रमाणात, पण देण्याच्या दिवशी नोकरीत असणं गरजेचं. प्रोबेशनमध्ये नोटिस ३० दिवस. बस तिस्कावरून सकाळी सुटते, महिन्याला ८०० कपात. जनरल शिफ्टबद्दल त्यांनी लिहिलं की ट्रेनिंग संपेपर्यंत, साधारण तीन महिने. आणि सध्याच्या कंपनीकडे चौकशी राजीनाम्यानंतरच. बुधवारी, ८ जुलैला सुधारित लेटर आलं. त्यात तारीख आणि नोटिस दुरुस्त झाली होती. बस, शिफ्ट आणि व्हेरिएबलचा तपशील आला नव्हता. असं बरेचदा होतं, कारण लेटरचा साचा ठरलेला असतो. ज्या गोष्टी साच्यात बसत नाहीत त्यांच्यासाठीच होकाराच्या मेलची खरी गरज असते.

होकाराचा मेल

विषयाच्या ओळीत पद आणि तारीख दोन्ही हवं, म्हणजे महिन्यांनंतर शोधलं तरी सापडतं. आम्ही टाईप केलेला विषय असा:

```
Offer Acceptance - QC Chemist, Verna - Joining 10 September
```

आणि मेल असा:

> नमस्कार मॅडम,
>
> ८ जुलैचं सुधारित ऑफर लेटर मिळालं. क्यूसी केमिस्ट या पदाची ऑफर मी आनंदाने स्वीकारते. मुलाखतीच्या दिवशी सरांनी नवीन एचपीएलसी लॅब दाखवली आणि स्टॅबिलिटीचं काम टीममध्ये कसं वाटलं आहे ते समजावून सांगितलं, तेव्हापासून इथे काम करायची मनापासून इच्छा होती.
>
> ८ जुलैचं लेटर आणि आपला ७ जुलैचा मेल यांनुसार ठरलेलं असं:
>
> पद व ठिकाण: क्यूसी केमिस्ट, वेर्णा.
> पगार: वार्षिक सीटीसी ६,००,००० रुपये. त्यात दरमहा एकूण पगार ४१,५०० (तक्त्याप्रमाणे) आणि वार्षिक व्हेरिएबल ६०,०००, जो एप्रिलमध्ये, पहिल्या वर्षी रुजू तारखेपासूनच्या प्रमाणात.
> रुजू तारीख: गुरुवार, १० सप्टेंबर. १४ व १५ सप्टेंबरला सुट्टी.
> प्रोबेशन: सहा महिने. या काळात नोटिस ३० दिवस, कायम झाल्यावर ६० दिवस.
> शिफ्ट: ट्रेनिंगचे साधारण तीन महिने जनरल, नंतर फिरत्या पाळ्या.
> वाहतूक: फोंडा तिस्कावरून कंपनीची बस, दरमहा ८०० रुपये कपात.
> पडताळणी व मेडिकल: आवश्यक कागदपत्रं १५ जुलैपर्यंत पाठवते. सध्याच्या कंपनीकडे चौकशी राजीनाम्यानंतर.
>
> प्रत्येक पानावर सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. हा मेल मिळाल्याची व वरील नोंदी बरोबर असल्याची पोच द्यावी. पोच मिळताच उद्या, ९ जुलैला मी राजीनामा देईन.
>
> रुजू होण्याआधी वाचून ठेवण्यासारखे काही एसओपी असतील तर जरूर कळवा. १० तारखेला भेटू.

यातल्या काही शब्दांवर आम्ही बराच वेळ घालवला, म्हणून थोडं थांबते.

भाचीने आधी लिहिलं होतं, "माझ्या समजुतीप्रमाणे पगार असा आहे." मी ते खोडलं. समजुतीला कुणीही "तुमचा गैरसमज झाला" असं उत्तर देऊ शकतं. "८ जुलैच्या लेटरनुसार" म्हटलं की वाचणारा कागद उघडून ताडून बघतो. बसच्या ओळीत तिने "बसची सोय होईल अशी आशा आहे" असं लिहिलं होतं. जी गोष्ट त्यांनी लेखी कबूल केली आहे तिच्यासाठी आशा कशाला? उलट "बोलणं झाल्याप्रमाणे सगळं मान्य" हे तर सगळ्यात निरुपयोगी वाक्य, कारण बोलणं काय झालं ते त्यात कुठेच नसतं.

मेलमध्ये "पण", "मात्र", "असेल तर" कुठे आलं आहे का ते होकाराच्या वाक्याजवळ खास शोधा. एसओपीच्या ओळीतला "तर" चालतो, कारण तो होकाराला चिकटलेला नाही.

आता उत्साहाबद्दल. मुलांना भीती वाटते की आकडे आणि अटी लिहिल्या तर आपण संशयी दिसू, म्हणून ती भरपाई करायला "खूप खूप उत्सुक", "स्वप्न पूर्ण झालं", उद्गारचिन्हांची रांग असं काहीतरी घालतात. एचआरच्या खुर्चीत बसून मला त्या शब्दांनी कधी काही सांगितलं नाही, कारण तेच शब्द प्रत्येक मेलमध्ये असतात. भाचीच्या मेलमध्ये लॅबचं आणि स्टॅबिलिटीच्या कामाचं वाक्य आहे. ते दुसऱ्या कुठल्याही कंपनीला पाठवता येणार नाही, त्यातूनच खरी आवड दिसते. मुलाखतीत प्रत्यक्ष पाहिलेलं किंवा ऐकलेलं एकच काहीतरी निवडा आणि ते होकाराच्या वाक्याला जोडून लिहा. शेवटी पुन्हा एकदा आपण कामाला लागलो आहोत असं दाखवणारी एक ओळ, जशी एसओपीची. मधला भाग पूर्ण कोरडा राहू द्या. आनंद आणि आकडे एकाच वाक्यात आले की घोळ होतो: "एवढा चांगला ६ लाखांचा पगार दिल्याबद्दल आभारी आहे" या वाक्याने ना आनंद पोचतो, ना पगार पक्का होतो.

आकडे लिहिल्याने कुणी रागावलेलं मी पाहिलं नाही. खरं तर असा मेल आला की एचआरचं काम सोपं होतं. पगारपत्रक करणाऱ्याला आणि बसची यादी ठेवणाऱ्याला तोच पुढे पाठवता येतो.

पाठवताना

मेल तुमच्या खासगी पत्त्यावरून पाठवा. सध्याच्या कंपनीच्या पत्त्यावरून पाठवलेला मेल कंपनी बघू शकते, आणि राजीनाम्यानंतर ते खातं बंद झालं की तुमचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. नवा मेल सुरू न करता लेटर ज्या मेलमधून आलं त्यालाच उत्तर द्या, म्हणजे प्रश्न, खुलासा आणि होकार एका माळेत राहतात. मुलाखत घेणारे साहेब आधीपासून त्या मेलमध्ये असतील तर त्यांना ठेवा, नसतील तर नव्याने जोडू नका. पगाराचे आकडे कुणी पाहायचे हे एचआरने ठरवलेलं असतं.

सही केलेल्या प्रतीची सगळी पानं, पगाराच्या तक्त्यासकट, एकाच फाइलमध्ये घाला. मोबाइलवर स्कॅन करताना शेवटचं पान राहून जातं, आणि तक्ता नेमका त्याच पानावर असतो. पाठवण्याआधी आकडे लेटरशी एकदा मोठ्याने वाचून ताडा. एक शून्य इकडे तिकडे झालं तर सुधारायला दुसरा मेल लागतो आणि कुठला खरा हा प्रश्न उभा राहतो.

मग पोच येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. हे पाळणं कठीण जातं, कारण नोटिसचे दिवस तुमच्या डोक्यात धावत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोच आली नाही तर फोन करा आणि फोनवर "बरोबर आहे" म्हणाले तरी "दोन ओळी मेलवर द्याल का मॅडम?" असं नम्रपणे विचारा. पोच उशिरा आली तर नोटिस पुढे सरकते. तेव्हा नवी तारीख त्याच माळेत कळवून मान्य करून घ्या. आणि उत्तरात काही बदललेलं आलं, समजा बस तिस्कावरून नाही, बोरीवरून मिळेल असं, तर ते वाचून घाईघाईत "ओके" लिहू नका. तुम्ही अजून जुन्या नोकरीत आहात, विचारायला तुमच्याकडे वेळ आहे. भाचीला गुरुवारी सकाळी साडेदहाला पोच आली, "नोंदी बरोबर आहेत, स्वागत" एवढीच, आणि बाराच्या आत तिने राजीनामा दिला.

रुजू होताना नियुक्तिपत्र

सुधारित लेटरचा आग्रह का धरला ते आता सांगते. रुजू झाल्यावर नियुक्तिपत्र देतात, आणि त्यात शेवटच्या पानावर बहुधा एक कलम असतं: या पत्राआधीचं सगळं बोलणं आणि पत्रव्यवहार या पत्राने रद्द समजावा. म्हणजे तुमचा मेल कितीही नीट लिहिलेला असला तरी नियुक्तिपत्रात वेगळं असेल आणि तुम्ही सही केलीत, तर तेच लागू होतं. मेल तेव्हा दुरुस्ती मागायला उपयोगी पडतो, आणि ती सहीच्या आधीच मागायला हवी. जेवढ्या गोष्टी लेटरमध्ये चढलेल्या असतील तेवढ्या नियुक्तिपत्रात उतरण्याची शक्यता जास्त, कारण ते लेटरवरूनच तयार करतात.

१० सप्टेंबरला भाची होकाराच्या मेलची आणि पोचेची छापील प्रत पिशवीत घेऊन गेली. दुपारी नियुक्तिपत्र समोर आलं तेव्हा तिने मेलमधली एकेक ओळ बोट ठेवून ताडली. पगार बरोबर, ठिकाण बरोबर. प्रोबेशनच्या रकान्यात नोटिस मात्र पुन्हा ६० दिवस, जुन्या साच्यातून आलेली. तिने पान मॅडमसमोर ठेवलं आणि ७ जुलैचा त्यांचाच मेल शेजारी. मॅडम म्हणाल्या, "अगो हो, हे राहिलंच," आणि अर्ध्या तासात नवं पान छापून आणलं. मग तिने सही केली. संध्याकाळी तिस्कावर उतरली तेव्हा चवथीच्या बाजाराची गर्दी सुरू झाली होती, आणि ती माटोळीसाठी नारळाची पेंड आणि सुपाऱ्या घेऊनच घरी गेली.